मेळ न बसणारे ५६,२५० रुपये

दादांचं दुकान बार्शीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. दहा बाय पंधराचा गाळा, पुढे डाळी-तांदळाची पोती, मागे साबण-तेल, आणि गल्ल्याशेजारी उधारीची वही. त्यांची जीएसटीची आणि वहीखात्याची कामं माझ्याकडे असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये, नवरात्र नुकतं संपलं होतं तेव्हा, ते दोन कागद घेऊन माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, ह्यातला एक जण खोटं बोलतोय. कोण ते सांगा."

विम्याची एक जुनी पॉलिसी पिकून त्यांना दोन लाख रुपये मिळाले होते. मुलगी तिसरीत. तिच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी हे पैसे बाजूला ठेवायचे, एवढं नवरा-बायकोचं आधीच ठरलं होतं. प्रश्न होता तो कुठे ठेवायचे याचा.

पहिला कागद गावातल्या एका पतसंस्थेचा. ठेवीवर वर्षाला नऊ टक्के, व्याज दर महिन्याला हातात. दोन लाखांवर महिन्याला दीड हजार. दुसरा कागद अल्पबचत एजंटाने दिलेला, पोस्टाच्या किसान विकास पत्राचा. त्यावर ठळक अक्षरात 'दामदुप्पट, ११५ महिने' आणि खाली बारीक अक्षरात साडेसात टक्के.

एजंट दादांना म्हणाला होता, "नऊ वर्षं सात महिन्यांत पैसे दुप्पट. म्हणजे शंभराला शंभर. वर्षाला साडेदहा टक्के पडतात बघा." पतसंस्थेतला माणूस म्हणाला होता, "साडेदहा कुठले? सरकारनेच साडेसात लिहिलंय. आम्ही नऊ देतो." दादांनी रात्री दुकान बंद केल्यावर स्वतः आकडेमोड केली. दोन लाखांवर साडेसात टक्के म्हणजे वर्षाला पंधरा हजार. नऊ वर्षं सात महिन्यांचे झाले १,४३,७५०. मुद्दल धरून ३,४३,७५०. पण कागद सांगतोय चार लाख. म्हणजे ५६,२५० रुपयांचा मेळच बसत नाही.

ज्याचा रोजमेळ रोज रात्री पैशापैशाने जुळतो, त्याला एवढी तफावत झोपू देत नाही. दादांना वाटलं, एक तर कागदावरचा दर खोटा, नाहीतर दुप्पट खोटं.

मी म्हटलं, "दादा, दोघंही खरं बोलताहेत. गुणाकार चुकलाय तो तुमचा. म्हणजे गुणाकार बरोबर आहे, पण तो पतसंस्थेच्या कागदाला लागू पडतो, पोस्टाच्या नाही."

ते ऐकून ते जरा चिडलेच. मग मी त्यांच्याच उधारीच्या वहीतलं कोरं पान उघडलं आणि एकेक वर्ष लिहायला घेतलं. सूत्र मुद्दाम टाळलं. ज्याला बेरीज-गुणाकार तोंडपाठ आहे त्याला घातांक दाखवून काही उपयोग नसतो, उलट त्यात काहीतरी लपवलंय असा संशय येतो.

पहिल्या वर्षी दोन लाखांवर पंधरा हजार. इथपर्यंत दोन्ही हिशेब सारखेच. पण विकास पत्रात हे पंधरा हजार तुमच्या हातात येत नाहीत, ते मुद्दलात जाऊन बसतात. दुसऱ्या वर्षी व्याज लागतं ते २,१५,००० वर. ते होतं १६,१२५. ज्यादाचे ११२५ कुठून आले? पहिल्या वर्षाच्या पंधरा हजारांनी कमावले. तिसऱ्या वर्षी व्याज १७,३३४. चौथ्या वर्षी १८,६३४.

इथे दादांनी माझा हात थांबवला. "नऊ टक्क्यांचे वर्षाला अठरा हजार होतात ना? मग साडेसातवाला चौथ्याच वर्षी पुढे गेला की."

त्या वर्षाच्या व्याजापुरता गेला, एकूण रकमेत अजून नाही. पहिली तीन वर्षं तो मागे पडलेला असतो, ती तूट भरून काढायची असते. म्हणून आम्ही दोन रकाने समोरासमोर मांडले. पतसंस्थेच्या रकान्यात हातात आलेलं व्याज नुसतं बाजूला ठेवत गेलं तर किती जमेल ते लिहिलं, आणि नूतनीकरणाच्या वेळी दर नऊच राहील असं धरलं.

| मुदत | नऊ टक्के, सरळ व्याज | साडेसात टक्के, चक्रवाढ |
|---|---|---|
| १ वर्ष | २,१८,००० | २,१५,००० |
| ३ वर्षं | २,५४,००० | २,४८,४५९ |
| ५ वर्षं | २,९०,००० | २,८७,१२६ |
| ६ वर्षं | ३,०८,००० | ३,०८,६६० |
| ९ वर्षं | ३,६२,००० | ३,८३,४४८ |
| ९ वर्षं ७ महिने | ३,७२,५०० | ४,००,००० |

सहाव्या वर्षाच्या ओळीवर दादांचं बोट बराच वेळ होतं. फरक फक्त ६६० रुपयांचा. पण तिथून पुढे तो वाढतच जातो आणि शेवटी साडेसत्तावीस हजारांवर पोचतो. कमी दराच्या योजनेने जास्त दराच्या योजनेला गाठायला सहा वर्षं घेतली. म्हणजे मुलगी तिसरीऐवजी आठवीत असती आणि पैसे चार-पाच वर्षांतच लागणार असते, तर याच दोन रकान्यांवरून पतसंस्थेचा कागद सरस ठरला असता. 'चक्रवाढ चांगलं' असं मोघम बोलणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, किती वर्षांसाठी? कारण तो आकडा सांगितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थच राहत नाही.

आता राहिले मेळ न बसणारे ५६,२५०. ते कुणी कमावले, हे दादांना नावानिशी हवं होतं. चांगला प्रश्न होता, म्हणून तोही हिशेब केला. पहिल्या वर्षाच्या अखेरीला आलेले पंधरा हजार पुढची आठ वर्षं सात महिने कामाला लागतात आणि त्यांचे जवळपास २७,९०० होतात. म्हणजे ते एकटेच पावणेतेरा हजारांहून जास्त कमावून देतात. दुसऱ्या वर्षाच्या पंधरा हजारांना एक वर्ष कमी मिळतं, ते सुमारे अकरा हजार आणतात. तिसऱ्या वर्षाचे सव्वानऊ हजारांच्या आत. या तिघांची बेरीज जवळपास ३३ हजार. म्हणजे मेळ न बसणाऱ्या रकमेतला निम्म्याहून जास्त वाटा फक्त पहिल्या तीन वर्षांच्या व्याजाचा. नवव्या वर्षाच्या पंधरा हजारांना काम करायला जेमतेम सात महिने मिळतात, ते बिचारे साडेसहाशेच्या आत आटपतात.

"म्हणजे सुरुवातीचं व्याज काढून खाल्लं की सगळं गेलं," दादा म्हणाले. मी मान हलवली.

एजंटाचा 'साडेदहा टक्के' हा आकडाही यातूनच निघतो. शंभराचे शंभर वाढले, त्याला नऊ वर्षं सात महिन्यांनी भागलं की १०.४३ येतं. पण हा सरळ व्याजाचा दर झाला. विकास पत्राचा खरा दर साडेसातच. चक्रवाढीचं फळ सरळ व्याजाच्या मापाने मोजलं की ते मोठं दिसतं, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. उद्या कुणी 'दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे दहा टक्के' असं सांगत आला तर त्याचा चक्रवाढ दर जेमतेम ७.२ टक्के असतो. हे ओळखायची दुकानात बसल्या बसल्या करायची युक्ती अशी: चक्रवाढ असेल तर ७२ ला दराने भागा, दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ७२ भागिले साडेसात, ९.६ वर्षं, म्हणजे जवळपास ११५ महिने. सरळ व्याज असेल तर ७२ नाही, १०० ला भागायचं. शंभर भागिले नऊ, अकरा वर्षांहून किंचित जास्त. दादांनी हे दोन आकडे गल्ल्याच्या फळीवर आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवले आहेत.

त्यावर त्यांना वडिलांची आठवण झाली. वडिलांनी १९९० च्या सुमाराला असंच एक पत्र घेतलं होतं आणि ते साडेपाच वर्षांत दुप्पट झालं होतं. "तेव्हा साडेपाच, आता साडेनऊ. सरकारने कमी केलं." कमी झालंच. १९८८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर दर होता. मधे २०११ च्या अखेरीला ती बंद झाली आणि २०१४ साली शंभर महिन्यांची मुदत घेऊन परत आली. आज घेतलेल्या पत्राला आजचा दर शेवटपर्यंत राहतो, एवढं मात्र खरं. नंतर दर उतरला तरी दादांचे ११५ महिने बदलत नाहीत.

इथे प्रकरण संपलं असतं. दादा विकास पत्र घेऊन मोकळे झाले असते. पण दुसऱ्या दिवशी ते वहिनींना घेऊन आले. वहिनी दुपारी दुकान सांभाळतात आणि माझ्या मते हिशेबाला दादांपेक्षा पक्क्या आहेत. त्यांनी तो तक्ता बघितला आणि विचारलं, "भाऊजी, पतसंस्थेचे दीड हजार तुम्ही नुसते बाजूला ठेवलेत. ते मी दर महिन्याला पोस्टात आरडीत भरले तर?"

मी आदल्या दिवशी हे करायला हवं होतं. केलं नव्हतं. तक्ता एका बाजूला कलता झाला होता, आणि तो माझ्यामुळे.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीवर, म्हणजे आरडीवर, तेव्हा ६.७ टक्के होते. व्याज दर तिमाहीला मुद्दलात जातं. महिन्याला शंभर रुपये भरले तर पाच वर्षांनी ७,१३६ मिळतात, म्हणजे दीड हजाराचे होतात सुमारे १,०७,०५०. पतसंस्थेतले दोन लाख जसेच्या तसे आहेतच. पाच वर्षांनी एकूण ३,०७,०५०, आणि त्याच वेळी विकास पत्राच्या रकान्यात २,८७,१२६. पूर्ण ११५ महिने तसंच चालवलं आणि दर तेच राहिले, तर रक्कम जाते ४ लाख ४० हजारांच्या आसपास. विकास पत्राच्या चाळीस हजार पुढे.

म्हणजे आदल्या रात्री हरलेला कागद जिंकला. दादा माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच दोघांपैकी खोटं बोलणारा.

पण नीट बघितलं तर त्यात नवल नाही. चक्रवाढ ही पोस्टाच्या मालकीची नाही. व्याज परत कामाला लागलं की चक्रवाढ, खिशात गेलं की सरळ. विकास पत्रात ते आपोआप होतं, कारण व्याज तुमच्या हाताला लागतच नाही. पतसंस्थेच्या योजनेत ते तुम्हाला करावं लागतं, दर महिन्याला, ११५ वेळा.

मी विचारलं, "वहिनी, दर महिन्याला भराल?" त्यांनी उत्तर द्यायच्या आधी दादांकडे बघितलं आणि मग जी गोष्ट निघाली ती मला माहीत नव्हती. काही वर्षांपूर्वी त्यांनी पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत पन्नास हजार ठेवले होते. महिन्याला तीनशेच्या आसपास व्याज यायचं. पाच वर्षांत अठरा-एकोणीस हजार. ते कुठे गेले? दोघांनाही सांगता येईना. गल्ल्यात पडले, गल्ल्यातून सुट्टे झाले, कधी टेम्पोवाल्याला दिले, कधी दुधाला. वाईट कामाला गेले असं नाही, पण त्यांची कुठे नोंद नाही.

त्यातही एक गंमत झाली होती. एकदा दादांनी आठ महिने व्याज काढलंच नाही. 'राहू दे, वाढेल' असं म्हणून. आणायला गेले तर आठ महिन्यांचे जेवढे व्हायचे तेवढेच, वर एक रुपया नाही. मासिक उत्पन्न योजनेचा नियमच तसा आहे, न काढलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. पोस्टाच्या मुदत ठेवीतही तसंच. वार्षिक व्याज काढलं नाही म्हणून ते मुद्दलात जात नाही, नुसतं पडून राहतं. बचत खात्यात वळवून घेतलं तर निदान त्या खात्याचा दर तरी लागतो. लोक इथे हमखास फसतात. पैसे काढले नाहीत म्हणजे वाढत असणार, असं वाटतं. योजनेच्या कागदावर 'व्याज मुदतीअखेर, चक्रवाढ' असं लिहिलंय की 'व्याज मासिक किंवा वार्षिक देय' असं, हे वाचलं तरच कळतं.

आरडीचं आणखी एक. हप्ता चुकला की दर शंभराला एक रुपया दंड, म्हणजे दीड हजाराच्या हप्त्याला पंधरा. दंड किरकोळ आहे. पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि मग दोन महिन्यांत ते परत सुरू करून घ्यावं लागतं. दादांच्या दुकानात पितृपंधरवड्यात आणि भर पावसात गिऱ्हाईक रोडावतं, आणि नेमका तेव्हाच दिवाळीचा माल भरायचा असतो. त्या दोन महिन्यांत गल्ल्यात आलेले दीड हजार पोस्टापर्यंत पोचतील का, हा खरा प्रश्न. वहिनी म्हणाल्या, "मी भरीन." दादा म्हणाले, "ती भरील. पण मी तिच्याकडून मागून घेईन." मला वाटतं, संपूर्ण प्रकरणातलं हे सर्वात प्रामाणिक वाक्य.

शिवाय नऊ आणि साडेसातमधला दीड टक्का फुकट मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते २०२० साली एक लाखावरून पाच लाख झालं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. पोस्टाच्या ठेवीमागे केंद्र सरकार उभं आहे. ही पतसंस्था वाईट आहे असं मुळीच नाही, तिचा कारभार चांगलाच चालला असावा. पण नऊ वर्षं सात महिने हा काळ मोठा आहे, आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे म्हणजे बुडाले तर दुसरीकडून उभे करता येतील असे पैसे नव्हेत. चाळीस हजारांचा फायदा एका पारड्यात आणि हे दुसऱ्या पारड्यात. तराजू त्यांचा. मी फक्त वजनं ठेवली.

विकास पत्राची अडचणही सांगितली. अडीच वर्षांच्या आत, खातेदाराचा मृत्यू किंवा कोर्टाचा आदेश असं काही कारण नसेल तर, ते मोडता येत नाही. त्यानंतर मोडता येतं, पण मुदतीआधी मोडलं तर दर कमी धरला जातो. म्हणजे माझ्या तक्त्यातले पाचव्या-सहाव्या वर्षाचे आकडे हे कागदावर साचत गेलेले आकडे आहेत, त्या दिवशी हातात पडणारे नव्हेत. सहाव्या वर्षी गाठल्याचा आनंद मधेच मोडणाऱ्याला मिळत नाही, शेवटपर्यंत थांबणाऱ्यालाच मिळतो.

यावर उपाय म्हणून एक साधी गोष्ट सुचवली, ती दोघांनाही पटली. दोन लाखांचं एकच पत्र घेण्याऐवजी पन्नास-पन्नास हजारांची चार घ्यायची. कितीही घेता येतात. मधे दवाखाना निघाला किंवा दुकानाचं छत गळायला लागलं तर एकच मोडायचं, बाकीची तीन आपल्या चालीने पुढे जात राहतील. एकच मोठं पत्र असलं की पन्नास हजारांच्या गरजेसाठी दोन लाखांची चाल मोडते.

शेवटी त्यांनी तीन पत्रं घेतली, दीड लाखांची, नोव्हेंबर २०२४ मध्ये. उरलेले पन्नास हजार पतसंस्थेत ठेवले, वहिनींच्या नावाने. त्यांचे महिन्याला ३७५ येतात. वहिनींनी त्यात स्वतःचे १२५ घालून पाचशेची आरडी काढली आहे, आणि पासबुक दुकानात न ठेवता घरी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आहे. दादांना दाखवत नाहीत.

मागच्या आठवड्यात दादा रिटर्नसाठी आले तेव्हा खतावणीबरोबर त्यांनी उधारीची वहीही आणली होती. आमचं ते आकडेमोडीचं पान अजून तसंच होतं, शेवटच्या ओळीखाली त्यांच्या अक्षरात 'जून २०३४' असं लिहिलेलं. पलीकडच्या पानावर एका गिऱ्हाइकाची चौदा महिने थकलेली ४,२०० रुपयांची उधारी होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "साहेब, हिला काय लावू, सरळ की चक्रवाढ?"